वारा तोंडावर घेत चाला: बोगद्यातला धूर आणि बाहेर पडायची बाजू

प्रश्न: मी रोज मेट्रो 3 ने आरेहून वरळीला जातो. परवा दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी पाच मिनिटं थांबली आणि मनात आलं, इथे आग लागली तर धूर कुठे जाणार? आम्हाला पुढे चालवणार की मागे, आणि हे ठरवतं कोण? पंख्यांनी वारा मारला तर आग उलट भडकणार नाही का? मी इंजिनिअर नाही, साध्या भाषेत सांगा.

उत्तर:

पंखे जिकडे ढकलतील तिकडे धूर जातो आणि माणसांना त्याच्या उलट बाजूला चालवायचं असतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवल्या की माणसं मरतात. म्हणून त्या कंट्रोल रूममध्ये एकाच वेळी, एकत्र ठरवाव्या लागतात. बोगद्यांच्या वायुवीजनाच्या कामात मला बावीस वर्षं झाली. बऱ्याच रात्री शेवटची गाडी गेल्यावर बोगद्यात उतरून पंखे तपासण्यात गेल्या. तेव्हा जे पाहिलं त्याच्या आधाराने सांगतो.

पण सुरुवात त्याच्या आधीपासून करायला हवी. चालत्या गाडीत आग लागली तर पहिला नियम असा की गाडी थांबवायची नाही, पुढच्या स्टेशनपर्यंत न्यायची. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब करून बघा. गर्दीच्या वेळी आठ डब्यांच्या गाडीत 1,500 माणसं धरू. प्लॅटफॉर्मवर गाडी लागली की एका बाजूची सगळी दारं उघडतात आणि गाडी एक-दोन मिनिटांत रिकामी होते. बोगद्यात तसं होत नाही. काही मार्गांवर बोगद्याच्या कडेने अरुंद पायवाट असते, काही ठिकाणी गाडीच्या टोकाचं दार उघडून उतार लावतात आणि माणसं रुळांमध्ये उतरतात. टोकाच्या एका दारातून मिनिटाला तीस-पस्तीस माणसं उतरली तरी 1,500 माणसांना पाऊण तास लागतो. त्यात म्हातारी माणसं असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात, कोणाच्या हातात दोन पिशव्या असतात. त्यामुळे डब्यात धूर दिसला म्हणून बोगद्यातच गाडी थांबवायला लावणं हा प्रवाशाच्या हातून होणारा सगळ्यात महागडा घोटाळा आहे. बटण दाबा, चालकाशी बोला, शेजारच्या डब्यात सरका, पण गाडीला स्टेशनवर पोचू द्या.

तुमचा प्रश्न खरा होतो तो गाडी पोचू शकली नाही तर. वीज गेली, ब्रेक अडकले किंवा पुढचा सिग्नल लाल राहिला, आणि गाडी मध्येच उभी राहिली.

आता धूर काय करतो ते बघू. लाकडाची चूल पेटलेलं घर आठवा. धूर आधी वर जातो, छताखाली पसरतो आणि काही वेळ खाली बसलेल्याला त्रास होत नाही. बोगद्यातही पहिल्या मिनिटांत असंच होतं. गरम धूर माथ्याला चिकटतो आणि दोन्ही बाजूंना पळत सुटतो. हा थर साधारण माणसाच्या चालण्याच्या वेगाने, कधी त्याहून जोरात सरकतो. पुढे जाता जाता तो बोगद्याच्या भिंतींना उष्णता देतो, थंड होतो, जड होतो आणि खाली उतरतो. त्यामुळे आगीपासून लांब गेलो म्हणजे सुटलो असं बोगद्यात नसतं. आगीजवळ धूर डोक्याच्या वर असतो आणि दोनशे-तीनशे मीटरवर तोच डोळ्यांपर्यंत उतरलेला असतो. नव्या माणसाला हे पटत नाही. मलाही पहिल्या धूर-चाचणीपर्यंत पटलं नव्हतं. त्या रात्री मी धूर सोडण्याच्या जागेपासून बराच लांब, सुरक्षित समजून उभा होतो आणि खोकत बाहेर पडणारा पहिला माणूस मीच होतो.

दाट धुरात माणूस चालत नाही, चाचपडतो. नेहमीचा चालण्याचा वेग सेकंदाला मीटरभर असतो. डोळ्यांत झोंबणाऱ्या धुरात तो निम्म्याहून खाली येतो आणि मग धूर आपल्याला सहज गाठतो. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. भान हरपल्यावरच कळतं, म्हणजे कळतच नाही.

म्हणून धुराला एका बाजूला जाऊच द्यायचं नाही, हा सगळ्या व्यवस्थेचा गाभा आहे. बोगद्यात एका दिशेने इतका वारा सोडायचा की माथ्याला चिकटलेला तो थर वाऱ्याविरुद्ध सरकूच शकणार नाही. वाऱ्याचा हा किमान वेग म्हणजे आमच्या धंद्यातला क्रिटिकल वेग. वारा त्याहून कमी असला तर धुराची जीभ वाऱ्याच्या विरुद्ध, माथ्याखालून मागे रांगत येते. खाली माणसांच्या तोंडावर गार वारा लागतोय, सगळं ठीक वाटतंय आणि डोक्यावरून धूर त्यांच्याच बाजूला निघालाय, अशी ती फसवी अवस्था असते.

किती वारा लागतो, ते एक उदाहरण घेऊन करून दाखवतो. बोगद्यात हवा जायला 20 चौरस मीटर जागा मोकळी आहे असं धरा. आगीतून वर जाणारी उष्णता 10 मेगावॅट धरा. घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण अडीच किलोवॅटचा असतो, म्हणजे असे चार हजार बर्नर एका जागी. नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले की वेग येतो सेकंदाला सुमारे 2 मीटर. सायकल रमत-गमत चालवताना तोंडावर जेवढा वारा लागतो, त्याहूनही थोडा कमीच. पण 20 चौरस मीटरमधून 2 मीटरच्या वेगाने म्हणजे सेकंदाला 40 घनमीटर हवा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली 28 घनमीटरची असते. दर सेकंदाला अशी जवळपास दीड खोली हवा सतत पुरवायची.

या हिशेबात एक गंमत आहे. आग निम्मी, म्हणजे 5 मेगावॅट धरली तर लागणारा वेग 1.7 मीटर येतो आणि दुप्पट, 20 मेगावॅट धरली तर 2.3. आग चौपट झाली तरी वारा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच वाढला. त्यामुळे आग नेमकी किती मोठी असेल यावर आम्ही लोक बैठकांमध्ये जेवढे भांडतो, तेवढं भांडण्याची गरज नसते असं माझं मत आहे. खरी गोची वेगळीच असते. पंख्याने ढकललेली सगळी हवा हव्या त्या बोगद्यात जात नाही. ती स्टेशनात शिरते, शेजारच्या बोगद्यात पळते, उघड्या राहिलेल्या झडपेतून वर रस्त्यावर निघून जाते. पाणी जसं उतार शोधतं तशी हवा मोकळी वाट शोधते आणि उभ्या गाडीने अर्धा अडवलेला बोगदा ही तिच्या दृष्टीने सगळ्यात अवघड वाट असते. म्हणून एका टोकाच्या स्टेशनचे पंखे हवा आत ढकलतात आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाचे ओढतात. हे पंखे साधे नसतात. माणूस आत उभा राहू शकेल एवढे मोठे, दोन्ही दिशांना फिरू शकणारे आणि 250 अंशांचा धूर तासभर ओढूनही चालू राहतील असे बनवलेले असतात. स्टेशनच्या दोन्ही टोकांना, तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या खोल्यांमध्ये ते बसवलेले असतात. रस्त्यावर फुटपाथच्या कडेला जाळी लावलेल्या काँक्रीटच्या पेट्या दिसतात ना, ती त्यांची नाकं.

आता बाजू. समजा गाडीच्या पुढच्या डब्यात आग आहे. प्रवासी आगीच्या मागे आहेत, मग त्यांना मागच्या स्टेशनकडे चालवायचं. मागच्या स्टेशनचे पंखे हवा आत ढकलतील, पुढच्या स्टेशनचे धूर ओढतील. म्हणजे चालणाऱ्याच्या तोंडावर ताजा वारा येईल आणि धूर पाठीमागे पळेल. आग शेवटच्या डब्यात असली तर सगळं याच्या उलट. तुम्हाला लक्षात ठेवायला एवढंच पुरे आहे: वारा तोंडावर घेत चाला. पाठीवर वारा लागत असेल तर आपण धुराच्या बरोबर चाललोय.

आग गाडीच्या मधोमध असली तर मात्र बरोबर उत्तर नाही, कमी वाईट उत्तर आहे. धूर कुठेही ढकलला तरी अर्धी माणसं त्याच्या वाटेत येतात. इथे दोन गोष्टी मदतीला येतात. एक, आताच्या गाड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून मोकळ्या असतात, त्यामुळे आग लहान असेपर्यंत माणसांना गाडीच्या आतूनच आगीच्या पलीकडे, एका बाजूला सरकवता येतं. दुसरी म्हणजे जोडबोगदा. येणारी आणि जाणारी लाइन वेगवेगळ्या नळ्यांमध्ये असते आणि त्यांना जोडणारे छोटे आडवे बोगदे, क्रॉस पॅसेज, ठरावीक अंतरावर असतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका अमेरिकन मानकात हे अंतर जास्तीत जास्त 244 मीटर धरलंय. त्या दारातून पलीकडे गेलं की माणूस धुराच्या बाहेर. अर्थात पलीकडच्या बोगद्यातल्या गाड्या आधी थांबवलेल्या असल्या पाहिजेत आणि तिथली हवा थोड्या दाबाखाली ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे दार उघडलं की हवा आगीकडे जाईल, धूर इकडे येणार नाही.

हे सगळं ठरवतो कोण, तर ऑपरेशन कंट्रोल सेंटरमध्ये बसलेला माणूस. चालक नाही, स्टेशन मास्तर नाही आणि प्रवासी तर नाहीच. त्याच्यासमोर पंख्यांची वेगवेगळी बटणं नसतात. प्रत्येक दोन स्टेशनांमधला तुकडा, अप की डाउन लाइन, आग पुढे की मध्ये की मागे, अशा प्रत्येक शक्यतेसाठी आधीच ठरवून ठेवलेला एक क्रमांक असतो, त्याला आम्ही मोड म्हणतो. तो मोड निवडला की कोणते पंखे ढकलतील, कोणते ओढतील, कोणती झडप उघडेल, कोणती मिटेल हे सगळं आपोआप होतं. त्याचं काम योग्य क्रमांक निवडणं आणि त्याच क्रमांकात लिहिलेली बाजू चालकाला सांगणं.

चूक होते ती इथेच. चालक रेडिओवर सांगतो, ‘पुढच्या डब्यात धूर आहे.’ पुढचा म्हणजे कुठला? गाडी दक्षिणेला जाताना पुढे असलेला डबा उत्तरेला परतताना शेपटाला असतो. एका सरावात मी कंट्रोल रूममध्ये मागे उभा होतो. चालकाने सांगितलं ‘एक नंबरचा डबा’ आणि समोरच्या मुलाने एक नंबर म्हणजे पुढचा असं धरून मोड निवडला. गाडी परतीच्या फेरीत होती. सराव असल्यामुळे हसण्यावारी गेलं. त्यानंतर तिथे नियम झाला की डब्याचा नंबर सांगायचा आणि सोबत ‘अमुक स्टेशनच्या बाजूचा’ असंही म्हणायचं. तुम्हीही बटण दाबून बोलाल तेव्हा डब्यात लिहिलेला नंबर वाचून सांगा आणि गाडी कुठून कुठे चाललीय तेही सांगा.

निवडलेला मोड चुकला तर लगेच बदलू, हे म्हणण्याइतकं सोपं नसतं. मोठा पंखा उलटा फिरवायचा तर आधी तो थांबावा लागतो, मग उलट्या दिशेने सुरू होऊन वेग घेतो. तेवढ्या मिनिटांत धूर दोन्हीकडे पसरतो, आणि आधी ज्या बाजूला माणसं पाठवली ती तिकडे निघालेली असतात. अझरबैजानमधल्या बाकूच्या मेट्रोत 28 ऑक्टोबर 1995 च्या संध्याकाळी हेच झालं. उल्दुझ स्टेशन सोडून गाडी नरिमानोव्हकडे निघाली आणि साधारण 200 मीटरवर बोगद्यात थांबली. पाच डब्यांच्या गाडीत चौथ्या डब्याच्या मागच्या बाजूला विजेच्या बिघाडातून आग लागली होती. डबे खचाखच भरलेले, दारं उघडायला अवघड. माणसं खिडक्या फोडून उतरली आणि चालू लागली. सुमारे पंधरा मिनिटांनी पंख्यांची पद्धत बदलण्यात आली आणि जिकडे बहुतेक लोक चालले होते, धूर तिकडेच ओढला गेला. 280 हून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीतच सापडली. पंखे होते, चालू होते. वाऱ्याची दिशा आणि माणसांची दिशा एकच झाली. बाकू वाचल्यावर मला कळलं की आमच्या कामात ‘थोड्या वेळाने सुधारू’ हा पर्याय धरायचाच नाही.

चढाचंही एक सांगतो. गरम धूर चढाच्या बाजूला धावतो, बोगदा म्हणजे आडवं धुराडंच. मेट्रोचे चढ शंभर मीटरला तीन-चार मीटरचे, म्हणजे सौम्य, त्यामुळे हिशेबात वारा थोडा वाढवून भागतं. पण सौम्य नसेल तर काय होतं हे ऑस्ट्रियातल्या काप्रूनला 11 नोव्हेंबर 2000 रोजी दिसलं. बर्फावर खेळायला जाणाऱ्यांना डोंगरावर नेणारी केबल रेल्वे, तीव्र चढाच्या बोगद्यात, गाडीच्या खालच्या टोकाला आग. 155 माणसं दगावली. आगीपासून लांब म्हणून वर पळाले ते धुराबरोबर पळाले. गाडीतून सुटून वाचले ते 12 जण. अग्निशमनाचं स्वयंसेवी काम केलेल्या एका सहप्रवाशाने त्यांना खाली, आगीच्या बाजूने, तिला ओलांडून उतरायला लावलं होतं. खालून वर ताजी हवा येत होती. म्हणजे तेही वारा तोंडावर घेतच चालले.

आता स्टेशन. गाडी पेटलेली असूनही प्लॅटफॉर्मला लागली. इथे हवेची दिशा आडवी नाही, खालून वर ठरवायची असते. रुळांच्या वर, गाडीच्या टपावर येतील असे शोषण्याचे मार्ग असतात, ते धूर जागच्या जागी ओढून घेतात. तेवढी हवा कुठून तरी भरून यायला हवी, ती जिन्यांवरून खाली उतरते. म्हणजे जिना चढणाऱ्याच्या तोंडावर पुन्हा ताजा वारा. नियम तोच. मेट्रो 3 वर प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेची उंच दारं आहेत, त्यांचा इथे फायदा होतो. माणसं उतरल्यावर जिथे दारं मिटलेली असतील तिथे धूर रुळांच्या बाजूलाच अडतो.

जिने किती रुंद हवेत, त्याचा हिशेब साधा आहे. त्याच अमेरिकन मानकात म्हटलंय की प्लॅटफॉर्म 4 मिनिटांत रिकामा व्हावा आणि शेवटचा माणूस 6 मिनिटांत सुरक्षित जागी पोचावा. गाडीतले 1,500 आणि प्लॅटफॉर्मवर थांबलेले 500, मिळून 2,000. चार मिनिटांत म्हणजे मिनिटाला 500. मीटरभर रुंद जिन्यावरून मिनिटाला साधारण 55 माणसं चढतात. म्हणजे सगळे जिने मिळून 9 मीटर रुंदी लागते. त्यातही एखादा सरकता जिना नेमका त्याच दिवशी दुरुस्तीला उघडलेला आहे असं धरूनच मोजायचं असतं. वर नेणारे सरकते जिने चालू ठेवतात, खाली आणणारे थांबवतात आणि त्यांच्यावरून चढू देतात. तिकिटाची गेटं उघडी सोडतात. लिफ्ट वापरायची नाही.

स्टेशनातली सगळ्यात वाईट चूक मात्र पंख्यांशी संबंधित नाही. दुसरी गाडी आत येऊ देणं, ही ती चूक. दक्षिण कोरियात देगूच्या जुंगआंगनो स्टेशनात 18 फेब्रुवारी 2003 ला एका माणसाने उभ्या गाडीत पेट्रोल पेटवलं. काही मिनिटांनी समोरच्या रुळावर दुसरी गाडी आली, वीज गेली, ती तिथेच अडकली. तिचा चालक किल्ली काढून निघून गेला आणि दारं बंद राहिली. 192 माणसं गेली, त्यातली बहुतेक या दुसऱ्या गाडीतली, जी आली तेव्हा पेटलेलीही नव्हती. तेव्हापासून कुठल्याही नव्या मेट्रोत मी पंख्यांच्या आधी हे विचारतो की मागची गाडी कुठे थांबेल. ढकलणारे पंखे आणि ओढणारे पंखे यांच्यामधल्या बोगद्याच्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असावी, नाहीतर पुढच्या गाडीसाठी सोडलेला धूर मागच्या गाडीवर जातो. दोन स्टेशनांमधलं अंतर जास्त असलं की मध्ये वर जमिनीपर्यंत जाणारी आणखी एक हवेची विहीर खणावी लागते, ती याच कारणाने.

धूर दर वेळी गाडीतूनच येतो असंही नाही. 15 नोव्हेंबर 2024 ला बीकेसी स्टेशनच्या एका प्रवेशद्वारापाशी ठेवलेलं लाकडी साहित्य पेटलं, धूर स्टेशनात शिरला आणि काही वेळ सेवा थांबवावी लागली. कोणाला इजा झाली नाही. पण त्यात आमच्या कामाचा पेच दिसतो. आत्ताच सांगितलं की स्टेशनातून हवा ओढली की ती जिन्यांवरून आत येते. आता धूरच जिन्याच्या तोंडाशी असेल तर तोच नेहमीचा मोड तो धूर आत ओढून घेईल. तेव्हा उलट करायला हवं, आतून हवा दाबून बाहेर ढकलायची. आग कुठे आहे हे कळल्याशिवाय पंखा सुरू करणं म्हणूनच कधी कधी न करण्यापेक्षा वाईट.

यंत्रणा बिघडते ती अगदी क्षुल्लक कारणांनी. एका प्रकल्पावर, नाव राहू दे, रात्री दोनच्या सुमारास आम्ही बोगद्याचा मोड तपासत होतो. कंट्रोल रूममधून मुलगा फोनवर सांगत होता, ‘सर, चारही पंखे चालू, बाण हिरवे, करंट बरोबर.’ मी रुळांत उभा होतो. खिशातला रुमाल काढून दोन बोटांनी धरला, तर तो उलट्या बाजूला फडफडायला लागला. आठवडाभरापूर्वी एका पंख्याची मोटर बदलली होती आणि केबल परत जोडताना तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली होती. एवढ्याने मोटर उलटी फिरते. हा पंखा दोन्ही दिशांना जवळजवळ सारखाच चालणारा, त्यामुळे करंटही तेवढाच, आवाजही तोच. पडद्यावर दिसणारा बाण हा दिलेल्या हुकमाचा बाण असतो, वाऱ्याचा नाही. दोन पंखे एकमेकांशी भांडत होते आणि बोगद्यातला वारा निम्माही नव्हता. तेव्हापासून मोटरला कोणी हात लावला की पंख्यासमोर जाऊन कागदाची पट्टी धरायची, मगच सही करायची, हे माझ्या यादीत पहिलं. झडपांचंही तसंच. धूळ बसून पाती अर्ध्यात अडकतात आणि पडद्यावर ‘उघडी’ असंच दिसतं, कारण सांगणारा स्विच दांडीला बसवलेला असतो, पात्याला नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. वाऱ्याने आग थोडी जोर धरते, हे खरं आहे. काही प्रमाणात वारा तिला थंडही करतो, पण त्यावर विसंबून कोणी हिशेब करत नाही. आम्ही हा धोका जाणूनबुजून घेतो, कारण बोगद्यात ज्वाळेपर्यंत पोचणारी माणसं थोडी आणि धुराने गाठलेली माणसं कितीतरी जास्त असतात. आताच्या डब्यांमधलं सीट, फरशी, वायरींचं वेष्टण हे सहज न पेटणारं आणि कमी धूर सोडणारं निवडलेलं असतं. देगूच्या त्या डब्यांमध्ये ते तसं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीची दहा-वीस मिनिटं आग लहान राहण्याची शक्यता चांगली असते आणि पंखे खरे त्याच वेळासाठी असतात. अग्निशमन दलालाही तोच वारा लागतो. ते ताज्या हवेच्या बाजूने, पाठीवर वारा घेत आगीकडे जातात, म्हणजे तुम्ही ज्या स्टेशनकडे चालत असाल त्याच स्टेशनातून ते उतरतात. समोरून टॉर्च आणि पाइप घेतलेली माणसं येताना दिसली तर भिंतीच्या कडेला सरका आणि त्यांना वाट द्या.